दुसऱ्या साहेबाच्या माणसाला फीडबॅक कसा द्यायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी एक्स्पोर्टच्या ऑर्डरी सांभाळते. ऑर्डर वेळेत गेली नाही तर जाब मला विचारतात. पण त्या ऑर्डरीवर काम करणारा एकही माणूस कागदोपत्री माझा नाही. लॅबचा इंजिनिअर क्वालिटी हेडचा, डाईंग मास्तर प्रॉडक्शनचा, पॅकिंगचा सुपरवायझर डिस्पॅचचा. पगारवाढ, रजा, बढती सगळं त्यांचे त्यांचे साहेब ठरवतात. यालाच मॅट्रिक्स म्हणतात.

चिंचोळीच्या कारखान्यांतून, गारमेंटवाल्यांकडून, पुण्याला आयटीत गेलेल्या ओळखीच्या पोरांकडून या विषयावर तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून एकदाच इथे लिहून ठेवलं. उदाहरणं टॉवेलची आहेत, कारण मला तेवढंच येतं.

१. तो माझ्याकडे रिपोर्टच करत नाही. मग त्याला फीडबॅक द्यायचा मला अधिकार आहे का?

आहे, आणि बहुतेक वेळा तो तुम्हालाच द्यावा लागतो. त्याचं रोजचं काम त्याच्या साहेबाला दिसतच नाही. आमचे क्वालिटी हेड एका वेळी सात-आठ ऑर्डरी बघतात. माझ्या ऑर्डरीच्या लॉटचा रिपोर्ट मंगळवारी आला की गुरुवारी, हे त्यांना मी सांगितलं तरच कळतं.

मात्र फीडबॅक आणि अप्रेझल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फीडबॅक म्हणजे तुमच्यासमोर घडलेल्या कामाबद्दल तुम्ही त्याच्याशी बोलणं. अप्रेझल म्हणजे त्याच्या वर्षभराच्या कामावर रेटिंग देणं, आणि ते त्याच्या फंक्शनल मॅनेजरचं, म्हणजे त्याच्या खात्याच्या साहेबाचं काम. "असंच चाललं तर तुझं रेटिंग जाईल" हे वाक्य तुमच्या तोंडी आलं की समजा, तुम्ही दुसऱ्याच्या खुर्चीत बसलात. त्याला ते लगेच कळतं, आणि पुढचं तो काही ऐकत नाही.

२. कशाबद्दल बोलायचं आणि कशाबद्दल नाही?

माझी वाटणी साधी आहे. काय हवं आणि केव्हा हवं, हे माझं. कसं करायचं, हे त्याच्या खात्याचं. रिपोर्टची वेळ, अडचण आधी कळवणं, मीटिंगला तयारीने येणं, बायरच्या मेलला उत्तर देणं, यावर मी बिनधास्त बोलते. चाचणीची पद्धत, मोजमाप आणि पास-नापास यावर बोलत नाही.

ही रेषा मी एकदा ओलांडली होती. २४०० टॉवेलांचा लॉट होता. बायरशी ठरलेल्या एक्यूएल २.५ या नमुना-तपासणीच्या मापाप्रमाणे त्यातले १२५ नग उघडून बघायचे, मोठे दोष ७ निघाले तरी लॉट पास, ८ निघाले की नापास. इन्स्पेक्टरला ८ सापडले. आठवा म्हणजे कडेच्या शिलाईत सुटलेला टाका. मी त्याला म्हणाले, "तू फारच कडक बघतोस, जरा व्यवहार बघ." त्या वेळी मला वाटलं, मी फीडबॅक देतेय. तो दबाव होता. इन्स्पेक्टर माझ्या हाताखाली न ठेवता क्वालिटीच्या हाताखाली ठेवतात ते नेमकं याचसाठी, की ज्याला माल पाठवायची घाई आहे त्याच्या हातात पास-नापास असू नये. संध्याकाळी क्वालिटी हेड माझ्या टेबलाशी आले आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, माझ्या माणसाला काय शिकवताय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पद्धतीबद्दल खरीच शंका असेल तर ती त्याच्या साहेबांकडे, प्रश्न म्हणून न्यायची.

३. आधी त्याच्याशी बोलायचं की आधी त्याच्या मॅनेजरला सांगायचं?

छोट्या, दुरुस्त होणाऱ्या गोष्टी आधी त्याच्याशीच. साहेबामार्फत गेलेली छोटी तक्रारसुद्धा त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर मोठी होते, आणि त्याच्या कानावर "मॅडमनी कंप्लेंट केली" एवढंच येतं.

पण त्याच्याही आधी एक काम आहे, आणि ते ऑर्डरीच्या सुरुवातीलाच करायचं. फंक्शनल मॅनेजरसोबत पंधरा मिनिटं बसून तीन गोष्टी ठरवून घ्या: माणूस तुमच्या कामाला आठवड्यातले किती दिवस मिळणार, रोजच्या कामाबद्दल तुम्ही त्याच्याशी थेट बोललात तर चालेल का, आणि कुठली गोष्ट त्यांना लगेच कळवायची. आमच्याकडे ठरलंय की तीच गोष्ट दुसऱ्यांदा घडली तर मी हेडना सांगते, आणि सांगणार आहे हे त्या माणसाला आधी सांगते. हे न ठरवता दिलेला पहिलाच फीडबॅक कितीही गोड असला तरी "माझ्या माणसाला हे कोण बोलणार" या वळणावर जातो.

४. प्रत्यक्ष बोलायचं कसं? एखादं खरं उदाहरण द्या.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

एका हॉटेलच्या ऑर्डरीचे बाथ टॉवेल होते, ७० बाय १४० सेंटीमीटर, ५०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम. त्या हिशेबाने एक टॉवेल ४९० ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. दुसऱ्या लॉटचा लॅब रिपोर्ट मंगळवारी दुपारी चारला हवा होता, तो आला गुरुवारी दुपारी बाराला. तोवर पॅकिंगची माणसं बसून होती आणि न्हावा शेव्याला जाणारी गाडी आम्हाला पुढे ढकलावी लागली. महिना एप्रिलचा. उन्हाबरोबर माझंही डोकं तापलं होतं.

तसंच तोंड सोडलं असतं तर "तू फार स्लो आहेस" एवढंच निघालं असतं. पण मॅट्रिक्समध्ये उशिराचं कारण क्वचितच एकाच माणसात असतं. म्हणून आधी विचारलं, "मंगळवार सकाळपासून काय काय झालं ते मला क्रमाने सांग." त्यातून तीन गोष्टी निघाल्या.

पहिली: नमुना रात्रभर कंडिशनिंगला ठेवावा लागला होता. कापूस हवेतला ओलावा ओढतो आणि सोडतो. एप्रिलच्या सोलापुरात टॉवेल इतका कोरडा पडतो की ठरलेल्या तापमानाला आणि आर्द्रतेला न ठेवता वजन केलं तर तोच ४९० ग्रॅमचा टॉवेल दहा-पंधरा ग्रॅमने हलका भरू शकतो, आणि चांगला माल कमी जीएसएमचा दिसतो. त्यामुळे ती रात्र वाया गेली नव्हती. वेळापत्रक मांडताना ती मीच धरली नव्हती. चूक माझी.

दुसरी: मंगळवारी सकाळी क्वालिटी हेडनी त्याला दुसऱ्या बायरचे नमुने आधी घ्यायला सांगितले होते. तो त्यांचा निर्णय, आणि त्यावर मी बोलायचं ते त्यांच्याशी (प्रश्न ५).

तिसरी: आपला रिपोर्ट वेळेत निघणार नाही हे त्याला मंगळवारी अकरालाच कळलं होतं. मला कळलं बुधवारी संध्याकाळी, तेही मी फोन केला तेव्हा. हा भाग मात्र पूर्ण त्याचा.

म्हणून बोलले ते फक्त तिसऱ्यावर, लॅबच्या बाहेरच्या व्हरांड्यात, दोघंच असताना:

"कंडिशनिंगची रात्र मी धरली नव्हती, ते मी सुधारते. दुसऱ्या बायरचं काम आधी घ्यायचं हे साहेबांनी ठरवलं, ते मी त्यांच्याशी बोलते. पण मंगळवारी अकराला तुला उशीर होणार हे माहीत होतं आणि मला बुधवारी संध्याकाळी कळलं. त्या मधल्या वेळात मी पॅकिंगवाल्यांना दुसऱ्या ऑर्डरीला लावलं असतं. ते दीड दिवस बसून राहिले."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मॅडम, मला वाटलं साहेबांनी तुम्हाला सांगितलं असेल."

हे वाक्य मी नंतर अनेक खात्यांतल्या माणसांच्या तोंडी ऐकलं. दोन साहेब असले की मधल्या माणसाला वाटतं, ते एकमेकांशी बोलतच असतील. मग आम्ही ठरवलं: वेळ चुकणार असं दिसलं की तासाभरात त्याने मला एक ओळ पाठवायची. कारण नाही लिहिलं तरी चालेल, नवी वेळ मात्र लिहायची.

पुढच्या लॉटला साडेदहाला मेसेज आला: "आजचा रिपोर्ट उद्या २ वाजता." त्या दिवशी पॅकिंगवाल्यांना दुसरं काम मिळालं. त्याच संध्याकाळी मी त्याला आणि क्वालिटी हेडना दोघांनाही कळवलं की या एका ओळीमुळे दिवस वाचला. चांगलं झालेलं साहेबांपर्यंत पोचवायला मी प्रश्न ३ मधल्या "दुसऱ्यांदा"ची वाट बघत नाही.

५. त्याचा साहेब एक काम सांगतो, मी दुसरं. मधल्या मध्ये त्याचं काम बिघडतं. मग फीडबॅक कुणाला?

त्या माणसाला नाही. दोघांनी दोन बाजूंनी ओढलं आणि तो फाटला, तर दोष ओढणाऱ्यांचा.

वर सांगितलेल्या प्रकारात मी क्वालिटी हेडकडे गेले ते तक्रार घेऊन नाही, आठवड्याचा कागद घेऊन. लॅबचे दोन ओव्हन, एक इंजिनिअर, पाच ऑर्डरी. "साहेब, यात माझं तिसऱ्या नंबरवर असलं तरी चालेल, पण तो नंबर मला सोमवारी कळू दे." त्यांनी मान्य केलं, कारण मी पहिला नंबर मागितला नव्हता. आता दर सोमवारी लॅबच्या दारावर क्रम लिहिलेला असतो, आणि बदल झाला तर तो हेड करतात, इंजिनिअर नाही.

ओळखायचं कसं? एकाच माणसाचा उशीर सगळ्या ऑर्डरींवर होत असेल तर बहुधा त्याच्या सवयीचा भाग आहे. फक्त तुमच्याच ऑर्डरीवर होत असेल तर आधी साहेबांमधला क्रम तपासा. आणि सगळ्याच माणसांचा होत असेल तर वेळापत्रकच खोटं आहे.

६. मला जे चूक वाटतं ते त्याच्या साहेबानेच त्याला करायला सांगितलेलं असेल तर?

मग त्याला एक शब्दही बोलू नका. "तुझ्या साहेबांचं चुकतंय" हे त्याच्यासमोर म्हणालात तर त्याला दोघांतला एक निवडावा लागतो, आणि तो पगार ठरवणाऱ्याला निवडतो. निवडायलाच हवा. विषय थेट साहेबांकडे न्या आणि त्यात त्या माणसाचं नाव घेऊ नका. "लॅबकडून अमुक पद्धतीने येतंय, मला तमुक अडचण होते" एवढं पुरतं. नाही सुटलं तर दोघांच्या वरच्या माणसाकडे, दोघांनी मिळून जायचं.

७. मार्चमध्ये त्याचा मॅनेजर माझ्याकडे अप्रेझलसाठी इनपुट मागतो. काय लिहू?

बहुतेक जण फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवतं ते लिहितात, आणि आठवतं ते शेवटच्या दोन महिन्यांचं. एप्रिल ते जानेवारी गायब होतात. त्यावर माझा उपाय म्हणजे एक साधी वही. प्रत्येक लॉट गेला की तारीख आणि दोन ओळी. जे वहीत आहे आणि जे त्याच्याशी आधी बोललेलं आहे, तेवढंच इनपुटमध्ये जातं. अप्रेझलच्या खोलीत त्याला माझी तक्रार पहिल्यांदा ऐकू आली, तर वर्षभर माझं काम मी केलं नाही असा त्याचा अर्थ.

त्या इंजिनिअरबद्दल मी लिहिलेलं असं होतं:

"वर्षभरात माझ्या ११ लॉटच्या चाचण्या यांनी केल्या. ८ रिपोर्ट ठरल्या वेळी आले. ३ उशिरा आले, त्यातले २ लॅबमधल्या क्रमामुळे. एप्रिलमध्ये उशिराची आगाऊ सूचना मिळाली नव्हती, त्याबद्दल आम्ही बोललो. त्यानंतरच्या दोन्ही वेळी तासाभरात कळवलं. बायरच्या तांत्रिक प्रश्नांना यांनी थेट उत्तरं दिली, मला मध्ये पडावं लागलं नाही. चाचणीच्या अचूकतेबद्दल मत देण्याइतकी माझी माहिती नाही."

शेवटचं वाक्य बघून क्वालिटी हेड हसले होते. पण तेच वाक्य वाचून त्यांनी बाकीच्यावर विश्वास ठेवला, असं मला वाटतं. रेटिंगचा आकडा मी सुचवत नाही. विचारला तर म्हणते, "साहेब, बाकीच्या ऑर्डरींवर तो कसा आहे ते मला माहीत नाही."

८. मी चांगलं लिहूनही त्याला कमी रेटिंग मिळालं. तो माझ्याकडे येऊन विचारतोय. काय सांगू?

तुम्ही काय लिहिलंत ते त्याला सांगायला हरकत नाही. त्याच्याशी बोललेलंच लिहिलं असेल (प्रश्न ७) तर लपवण्यासारखं काही नसतंच. पण रेटिंग का कमी आलं याचा अंदाज बांधू नका, आणि "मी असते तर जास्त दिलं असतं" हे तर मुळीच नको. त्याला बरं वाटतं, पण त्याच्या साहेबाशी त्याचं बोलणं तिथेच बंद होतं. "साहेबांना विचार, बाकीच्या कामांबद्दल त्यांचं म्हणणं काय आहे" असं म्हणून त्याला तिकडे पाठवा. तुमचा इनपुट वाचलाच गेला नाही अशी शंका असेल तर तुम्ही स्वतः साहेबांना विचारा, त्याच्या नावाने नको.

९. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं तर चालेल का? सगळे तिथेच असतात.

कौतुक चालेल. चूक नाही. त्या ग्रुपवर त्याचे साहेबही असतात, आणि चारचौघांत आपल्या माणसाची बाजू घेणं त्यांना भाग पडतं. मग चर्चा रिपोर्टची राहत नाही, दोन खात्यांची होते.

१०. डाईंग मास्तर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे आहेत. त्यांना मी काय फीडबॅक देणार?

"फीडबॅक" हा शब्द सोडा, काम तेच राहतं. मास्तरांशी मी त्यांच्या पोरांसमोर कधीच बोलत नाही. पाळी बदलताना चहाच्या वेळी बोलते, आणि शेडचा तुकडा हातात घेऊन बोलते. "मास्तर, हे बायरने परत पाठवलंय. त्यांच्याकडच्या दुकानातल्या दिव्याखाली याला लाल झाक येते म्हणतात, आपल्या खिडकीजवळ मला दिसत नाही. तुम्ही बघता का?" एका उजेडात जुळलेला रंग दुसऱ्या उजेडात फसतो, हे मास्तरांना माझ्याहून चांगलं माहीत आहे. लाईट बॉक्समध्ये दोन्ही दिव्यांखाली तपासायचं राहून गेलं होतं, ते त्यांनीच सांगितलं. मला "तुमचं चुकलं" म्हणावंच लागलं नाही.

काही मास्तर घरी तेलुगू बोलतात. मला मोडकं येतं, आणि असल्या बोलण्याची सुरुवात मी मुद्दाम त्यातून करते. निदान हसू तरी येतं.

११. माझ्या कामाला तो आठवड्यातून एकच दिवस असतो. एवढ्याशावर फीडबॅक देणं बरोबर आहे का?

त्या एका दिवसात तुम्ही पाहिलं तेवढ्यावर, हो. स्वभावावर किंवा एकूण क्षमतेवर नाही. "मी तुला फक्त बुधवारी बघते" हे वाक्य आधी म्हणून टाका. आणि एकाच प्रसंगावरून बोलायचं असेल तर विचारून बघा, मत मांडू नका. बुधवारी सुस्त वाटणारा माणूस मंगळवारची रात्रपाळी करून आलेला असू शकतो.

१२. मी त्याला एकट्याला सांगितलं, आणि तो सरळ साहेबांकडे गेला. आता साहेब माझ्यावर नाराज आहेत.

जाणं हा त्याचा हक्क आहे, त्याचा राग धरू नका. त्याच दिवशी साहेबांना भेटा, त्याने काय सांगितलं ते आधी पूर्ण ऐका, आणि मग तुम्ही बोललेलं वाक्य जसंच्या तसं सांगा. इथे वही कामी येते. वाक्यात घटना असेल ("मंगळवारी अकराला कळलं, बुधवारी सांगितलं") तर साहेब स्वतःच तपासून बघतात. वाक्यात विशेषण असेल ("बेजबाबदार", "स्लो") तर माफी मागा. ती त्याच्याकडेही मागा, फक्त साहेबांकडे नको. प्रश्न ३ मधली पंधरा मिनिटं झालेली नसतील तर ती आता घ्या.

१३. गोष्ट कामाच्या उशिराची नाही, गंभीर आहे. तरी आधी त्याच्याशीच बोलायचं का?

नाही. प्रश्न ३ चं उत्तर इथे लागू होत नाही. मशीनचं गार्ड काढून काम चाललंय असं दिसलं तर कुणाचा माणूस आहे ते न बघता जागेवर थांबवा आणि लगेच त्याच्या साहेबांना कळवा. चोरी, खोटा रिपोर्ट, पिऊन येणं यात तुम्ही पाहिलं ते तारीख-वेळेसह लिहून त्याच्या मॅनेजरला आणि एचआरला द्या. मेमो किंवा कारणे दाखवा नोटीस तुम्ही काढायची नाही. अधिकार नसलेल्या माणसाने काढलेला कागद पुढे ज्याच्यावर काढला त्याच्याच वकिलाच्या उपयोगी पडतो.

लैंगिक छळाची तक्रार कानावर आली तर "मी त्याला समजावते" असं चुकूनही म्हणू नका. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. तक्रार तिच्याकडे लेखी जाते आणि साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत जावी लागते. तक्रार करणाऱ्या बाईला लिहिणं जड जात असेल तर समितीने लिहायला मदत करायची असते. समितीतल्या माणसांची नावं आमच्या गेटजवळच्या बोर्डावर आहेत. तुमच्याकडे कुठे लावली आहेत ते आजच बघून ठेवा.